परिपत्रकातील परिच्छेद आणि चौकटींचा अर्ज

आयुर्वेदीय औषधांच्या सेवनानंतर उद्भवणाऱ्या अनपेक्षित परिणामांची नोंद व्हावी, यासाठी आपल्या देशात २००८ साली राष्ट्रीय पातळीवर कार्यक्रम सुरू झाला व त्याचे मुख्य केंद्र जामनगर येथे होते. पुढे २०१७-१८ मध्ये आयुष मंत्रालयाने त्याची फेररचना केली आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाकडे समन्वयाचे काम सोपवले. व्यवस्था अशा रीतीने उभी आहे. परंतु खाजगी व्यवसाय करणारा वैद्य आणि औषधालयाचा मालक यांच्याकडून तिच्यापर्यंत जाणारी माहिती बहुधा त्रोटक असते. याचे खापर सामान्यतः व्यावसायिकांच्या उदासीनतेवर फोडले जाते. आमचे मत थोडे निराळे आहे. माहिती मागण्याची आपली पद्धतच उत्तर अपुरे येईल अशी आहे, आणि तो दोष कागदावरच दुरुस्त करता येण्याजोगा आहे.

संघटना, शाखा व संस्था आपापल्या सभासदांना जी परिपत्रके पाठवतात, त्यांची धाटणी ओळखीची आहे. नमुन्यादाखल आम्ही असा एक परिच्छेद रचून पुढे देत आहोत.

"कोणत्याही आयुर्वेदीय औषधाच्या सेवनानंतर रुग्णामध्ये अनपेक्षित लक्षणे उद्भवल्यास संबंधित चिकित्सकाने अथवा औषधविक्रेत्याने रुग्णाचे संक्षिप्त नाव, वय, लिंग व वजन, स्त्री रुग्ण असल्यास ती गर्भवती अथवा स्तनदा आहे किंवा कसे, औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक व मुदत, मात्रा, अनुपान, सेवनकाल व कालावधी, औषध कोणाच्या सल्ल्याने घेतले, अन्य औषधे चालू असल्यास त्यांचा तपशील, लक्षणे कधी सुरू झाली व किती काळ टिकली, ती गंभीर स्वरूपाची होती किंवा कसे, औषध बंद केल्यावर ती कमी झाली किंवा नाही व रुग्णाची सद्यःस्थिती काय आहे, ही सर्व माहिती शक्य असल्यास तपासणी अहवालांच्या प्रतींसह आपल्या स्वाक्षरीनिशी लेखी कळवावी."

या एका वाक्यात २२ बाबी मागितल्या आहेत. वाचणाऱ्याने त्या एकेक करून वेगळ्या काढाव्यात, कोऱ्या कागदावर स्वतःच क्रम लावावा आणि काही राहिले नाही ना हे पुन्हा वाक्याशी ताडून पाहावे, अशी अपेक्षा येथे गृहीत धरलेली आहे. बाहेर रुग्ण ताटकळत असताना हे काम कोणी करत नाही. मग उत्तर येते ते असे : "रुग्णास यष्टिमधु चूर्ण घेतल्यानंतर पायांवर सूज व अशक्तपणा आला. चूर्ण बंद केले. आता बरे आहे." ही तीन वाक्ये खरी असतील, पण त्यावरून कोणत्याही केंद्राला काही ठरवता येणार नाही.

प्रथम बाबी सुट्या कराव्यात

परिच्छेदाचा अर्ज करताना पहिले काम म्हणजे प्रत्येक बाब एका ओळीवर एक, याप्रमाणे उतरवून काढणे. हे यांत्रिक वाटते, पण येथेच परिच्छेदाचे खरे दोष उघडे पडतात. वरील २२ बाबी आम्ही अशा उतरवल्या तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, लक्षणे कोणती होती हेच या परिच्छेदात कोठे विचारलेले नाही! ती केव्हा सुरू झाली, किती टिकली, गंभीर होती काय, हे सर्व विचारले आहे. मूळ प्रश्न मात्र लिहिणाऱ्याने मनात गृहीत धरला आणि तो कागदावर आलाच नाही. त्याचप्रमाणे कळवणाऱ्याची स्वाक्षरी मागितली आहे, परंतु त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक मागितलेला नाही. अस्खलित वाक्यात अशा उणिवा झाकल्या जातात. रिकाम्या चौकटींच्या यादीत त्या लगेच दिसतात.

दुसरा दोष संदिग्ध शब्दांचा. 'कालावधी' म्हणजे वैद्याने सांगितलेला की रुग्णाने प्रत्यक्षात घेतलेला? आणि लक्षणे दिसेपर्यंतचा की औषध थांबवेपर्यंतचा? चौघे वैद्य चार अर्थ लावतील. त्याऐवजी दोन दिनांक विचारावेत : औषध सुरू केल्याचा आणि थांबवल्याचा. लक्षण सुरू झाल्याचा तिसरा दिनांक मिळाला की सर्व अंतरे काढता येतात आणि 'कालावधी' हा शब्दच अनावश्यक ठरतो.

'गंभीर' या शब्दाचेही तसेच. रुग्णाला फार त्रास झाला म्हणजे परिणाम गंभीर, असे आपण बोलताना म्हणतो. औषधसुरक्षेच्या क्षेत्रात मात्र या शब्दाला ठरलेला अर्थ आहे : मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात दाखल करावे लागणे किंवा तेथील मुक्काम वाढणे, कायमचे अथवा लक्षणीय अपंगत्व, जन्मजात व्यंग, किंवा यांसारखीच वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची घटना. परिच्छेदात ही व्याख्या घालू गेल्यास तो दुप्पट लांबेल. अर्जात मात्र हेच पर्याय चौकोनांसमोर लिहिले की व्याख्या व उत्तर एकाच जागी होते आणि कोणालाही परिभाषा पाठ करावी लागत नाही.

उत्तर कोठे सापडते, त्यानुसार गट

सुट्या बाबींचा क्रम परिच्छेदात जसा आला तसाच ठेवू नये. प्रत्येक उत्तर भरणाऱ्याला कोठून मिळणार आहे, हे पाहून गट करावेत. रुग्णाला विचारून कळणाऱ्या गोष्टी एकत्र, डबीवरील लेबलवरून उतरवायच्या गोष्टी एकत्र, चिकित्सकाने तपासून ठरवायच्या एकत्र आणि कळवणाऱ्याची स्वतःची माहिती शेवटी. यामुळे डबी एकदाच हातात घ्यावी लागते आणि रुग्णाला एकदाच बसवावे लागते. औषधालयाच्या मालकाला तर याचा विशेष उपयोग आहे. पहिले दोन गट तो भरू शकतो आणि तिसरा गट वैद्याकडे सोपवू शकतो. परिच्छेदात 'चिकित्सकाने अथवा औषधविक्रेत्याने' असे म्हटले आहे खरे, पण कोणी काय भरावे याची फोड नसल्याने विक्रेता ते काम आपले नव्हे असे समजून सोडून देतो.

त्यानंतर प्रत्येक बाबीला योग्य अशी जागा द्यावी. उत्तर ठरावीक थोड्या पर्यायांपैकी असेल तर चौकोन, अंक असेल तर एककासह छोटी चौकट, दिनांक असेल तर दिवस-महिना-वर्ष अशी तीन घरे आणि वर्णन असेल तर मोकळ्या ओळी. चौकटीची रुंदी हीदेखील एक सूचनाच असते. वयासाठी अर्धी ओळ सोडली तर भरणारा संभ्रमात पडतो. लक्षणांसाठी अर्धीच ओळ सोडली तर तो 'सूज' एवढेच लिहून थांबतो.

या रीतीने वरील परिच्छेदाचे रूपांतर केले असता असा अर्ज तयार होतो. ताऱ्याची खूण केलेल्या जागा भरल्याशिवाय नोंद उपयोगी पडत नाही.

भाग १ : रुग्ण (रुग्णाला विचारून)

नावाची आद्याक्षरे * : ________
वय : ____ वर्षे    वजन : ____ किलो
लिंग : ☐ पुरुष
     ☐ स्त्री
     ☐ अन्य
स्त्री असल्यास (लागू असेल त्या सर्वांवर खूण करा) :
☐ गर्भवती
☐ स्तनदा
☐ दोन्ही नाही
☐ माहीत नाही

इतर कोणतीही औषधे (आधुनिक, होमिओपॅथी, घरगुती) चालू होती काय?
☐ नाही
☐ माहीत नाही
☐ होय → नाव, मात्रा व केव्हापासून : ______________________

भाग २ : संशयित औषध (लेबल पाहून)

औषधाचे नाव * : ______________________
औषध कोणत्या स्वरूपात मिळाले?
☐ उत्पादकाच्या बंद वेष्टनात → उत्पादक : __________ बॅच क्र. : ________ मुदत : ____
☐ वैद्याने स्वतः तयार करून दिले → तयार केल्याचा दिनांक : __ / __ / ____
☐ सुटे घेतले, वेष्टन उपलब्ध नाही

एका वेळची मात्रा : ____    दिवसातून ____ वेळा    अनुपान : ________
सेवनकाल : ☐ रिकाम्या पोटी
         ☐ जेवणापूर्वी
         ☐ जेवणानंतर
         ☐ झोपताना
         ☐ इतर : ________
सुरू केल्याचा दिनांक : __ / __ / ____
थांबवल्याचा दिनांक : __ / __ / ____    ☐ अजून चालू आहे
कोणाच्या सल्ल्याने : ☐ वैद्य
                   ☐ अन्य डॉक्टर
                   ☐ औषधविक्रेता
                   ☐ स्वतःहून
                   ☐ इतर : ________

भाग ३ : परिणाम (चिकित्सकाने भरावा)

काय झाले? रुग्णाच्या शब्दांत व आपल्या निरीक्षणानुसार * :
____________________________________________
____________________________________________
____________________________________________
सुरू झाल्याचा दिनांक : __ / __ / ____    संपल्याचा दिनांक : __ / __ / ____
पुढीलपैकी काही घडले काय? (लागू असेल त्या सर्वांवर खूण करा)
☐ मृत्यू
☐ जिवाला धोका
☐ रुग्णालयात दाखल / मुक्काम वाढला
☐ अपंगत्व
☐ जन्मजात व्यंग
☐ वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची अन्य घटना
☐ यांपैकी काही नाही
औषध थांबवल्यावर (एकच खूण करा) :
☐ लक्षणे कमी झाली
☐ कमी झाली नाहीत
☐ औषध थांबवले नाही
☐ माहीत नाही
आजची स्थिती : ☐ पूर्ण बरे
             ☐ सुधारणा होत आहे
             ☐ तसेच आहे
             ☐ मृत्यू
             ☐ माहीत नाही
तपासणी अहवाल : ☐ जोडले आहेत
               ☐ केले, जोडलेले नाहीत
               ☐ केले नाहीत

भाग ४ : कळवणारा

नाव * : ______________  दूरध्वनी * : ______________
☐ वैद्य
☐ औषधविक्रेता
☐ अन्य
दिनांक : __ / __ / ____    स्वाक्षरी : __________

ताऱ्याची खूण कोणत्या जागांवर करावी, हे आम्ही मनाने ठरवलेले नाही. ओळखता येणारा रुग्ण, ओळखता येणारा कळवणारा, संशयित औषध आणि घडलेला परिणाम, या चार गोष्टी असल्या की नोंद ग्राह्य धरावी, असा या क्षेत्रातला सर्वमान्य संकेत आहे. बाकीचे रकाने रिकामे राहिले तरी कागद पाठवण्याजोगा असतो. परिच्छेदात सर्व बाबी एकाच तोलाने आल्यामुळे एखादी बाब न मिळाल्यास व्यावसायिक सगळेच पाठवण्याचे सोडून देतो.

एक उदाहरण

वर उल्लेखिलेल्या यष्टिमधु चूर्णाच्या तीन वाक्यांमागे पुढीलप्रमाणे हकीकत असू शकते. उदाहरण आम्ही कल्पिलेले आहे, पण त्यातील औषधी कारणमीमांसा प्रस्थापित आहे.

वय ६१, पुरुष. अम्लपित्तासाठी कोणाच्या तरी सांगण्यावरून यष्टिमधु चूर्ण ३ ग्रॅम, दिवसातून दोनदा, दुधाबरोबर. ३ जून २०२४ रोजी सुरू केले. ८ जुलै रोजी पायांवर सूज व मांड्यांत अशक्तपणा जाणवला. १५ जुलैला चूर्ण थांबवले. १६ जुलैच्या तपासणीत रक्तातील पोटॅशियम २.९ आले, ते सामान्यतः ३.५ च्या वर असते. २९ जुलैपर्यंत लक्षणे नाहीशी झाली.

अर्ज भरताना भाग १ मधील 'इतर औषधे' या प्रश्नावर गाडी अडते. रुग्ण रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायाझाइड ही मूत्रल गोळी रोज घेत असतो. पत्रात ही गोष्ट येत नाही, कारण रुग्णाच्या मते ते 'नेहमीचे' औषध आणि वैद्याच्या मते ते दुसऱ्या डॉक्टरचे. परंतु यष्टिमधूतील ग्लायसिऱ्हायझिन शरीरात सोडियम व पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. ही मूत्रल गोळीही पोटॅशियम बाहेर टाकते. दोहोंचा परिणाम एकमेकांत मिळतो. म्हणजे हा दोष केवळ चूर्णाचा नसून संयोगाचा असण्याची शक्यता बळावते आणि हे निदर्शनास आणणारी नोंद आयुर्वेदाच्या विरोधात न जाता त्याच्या बाजूने उभी राहते. तसेच भाग २ मध्ये 'सुटे घेतले, वेष्टन उपलब्ध नाही' यावर खूण होते आणि 'स्वतःहून' या चौकोनावरही. बॅच क्रमांकाचा रकाना केवळ रिकामा राहिला असता तर तो लिहिण्याचे राहिले की तो नव्हताच, हे वाचणाऱ्याला कळले नसते.

'नाही' आणि 'माहीत नाही' यांना वेगवेगळे चौकोन देण्याचे कारण हेच. कोरी जागा काहीच सांगत नाही. ज्या प्रश्नावर 'माहीत नाही' या खुणा वारंवार येतात, तो प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जात आहे असे समजावे व तो दुसऱ्या भागात हलवावा.

चौकोनांची मर्यादा

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो आम्हाला मान्य आहे. आयुर्वेदात प्रत्येक रुग्ण निराळा. त्याला खुणांत कसे बसवणार? म्हणूनच 'काय झाले?' या प्रश्नाला आम्ही एकही चौकोन दिलेला नाही. तेथे मळमळ, उलटी, जुलाब, पुरळ अशी यादी दिली असती तर भरणाऱ्याने जवळात जवळच्या शब्दावर खूण केली असती आणि 'मांड्यांत अशक्तपणा' ही नेमकी गोष्ट हरवली असती. शिवाय यादी वाचून दाखवली की रुग्ण न झालेल्या लक्षणांनाही होकार देऊ लागतो. प्रकृतीची नोंद घ्यायचीच असेल तर वात, पित्त, कफ यांपैकी एकावरच खूण करण्याची सक्ती करू नये; द्वंद्वज प्रकृती असणाऱ्याला तसा अर्ज खोटे लिहायला लावतो. 'लागू असेल त्या सर्वांवर' की 'एकच', ही सूचना प्रश्नाला चिकटूनच असावी. ती अर्जाच्या माथ्यावर लिहिल्यास कोणी वाचत नाही.

औषध आणि परिणाम यांचा संबंध निश्चित आहे की संभाव्य, हे ठरवणारा रकानाही आम्ही जाणीवपूर्वक ठेवलेला नाही. ते मूल्यमापन केंद्राचे काम आहे. संशय आला म्हणजे कळवावे, खात्री होईपर्यंत थांबू नये, हे तत्त्व अर्जाच्या रचनेतूनच दिसले पाहिजे. शासकीय केंद्राचा विहित नमुना वेगळा असतो आणि अंतिम नोंद त्यावरच जावी. आम्ही सुचवलेला कागद हा दवाखान्यात व दुकानात माहिती जागच्या जागी टिपून ठेवण्यासाठी आहे.

छपाईबाबत दोनच सूचना. पहिली, होय-नाहीचे चौकोन एका ओळीत सारख्या अंतराने मांडू नयेत. मधला चौकोन डावीकडच्या शब्दाचा की उजवीकडच्या, हे कळत नाही. पर्याय एकाखाली एक घ्यावेत किंवा चौकोन व त्याचा शब्द यांत कमी आणि पुढच्या पर्यायापूर्वी ठळक अंतर ठेवावे. दुसरी, करड्या रंगाच्या पट्ट्या वापरू नयेत. दुसऱ्या-तिसऱ्या झेरॉक्समध्ये त्या काळ्या होतात आणि वरचा मजकूर पुसला जातो. संगणकावर टिंबांच्या ओळी टाकण्यापेक्षा तक्ता आखून त्याच्या रिकाम्या घरांचाच चौकटी म्हणून उपयोग करावा, म्हणजे अक्षरसंच बदलला तरी मांडणी ढळत नाही.

अर्ज छापण्यापूर्वी तो पाच जणांकडून भरून घ्यावा. सर्वांना एकच हकीकत तोंडी सांगावी, मदत करू नये आणि नंतर पाचही कागद शेजारी ठेवावेत. एकच गोष्ट दोघांनी दोन वेगळ्या रकान्यांत लिहिली असेल, तर त्या रकान्यांची नावे बदलावीत. कोणी समासात काही लिहिले असेल, तर अर्जाने ती जागा द्यायची राहिली आहे असे समजावे. या पाचांत किमान दोन औषधालयांचे मालक असावेत, कारण परिच्छेदातले शब्द वैद्यांना सरावाने कळतात, विक्रेत्यांना कळतीलच असे नाही.

आगामी अंकापूर्वी प्रत्येक शाखेने आपले एक परिपत्रक घ्यावे, त्यातील बाबी एकेका ओळीवर उतरवून काढाव्यात आणि मूळ प्रश्न त्यात आहे की नाही एवढे तरी पाहावे, अशी आमची विनंती आहे. वरील अर्ज कोणत्याही शाखेस जसाच्या तसा किंवा बदल करून वापरण्यास आमची हरकत नाही. बदल केल्यास का केला, हे मात्र या पानांतून सर्वांना कळवावे.